प्रमुख पाहुण्यांना पत्र लिहिताना: तारीख, वेळ, श्रोते आणि त्यांनी नेमके काय करायचे

शाळेच्या कपाटात जुन्या पत्रांची एक फाइल असते. कार्यक्रम जवळ आला की तिच्यातले गेल्या वर्षीचे पत्र निघते, तारीख आणि नाव बदलते आणि तेच पुन्हा रवाना होते. 'आपण आपल्या व्यस्त कार्यक्रमातून अमूल्य वेळ काढून उपस्थित राहावे व कार्यक्रमाची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती.' मीही पंधराएक वर्षे हेच वाक्य लिहीत होतो. त्यात चूक काही नाही. फक्त वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. किती वाजता यायचे, किती वेळ मोडणार, समोर पहिलीची मुले बसणार की गावातले पालक, आणि आपण बोलायचे की नुसते बसायचे, यातले काहीही त्यात नसते.

याचा फटका एकदा चांगलाच बसला. एका निवृत्त अधिकाऱ्यांना आम्ही पत्रात 'सकाळी १० वाजता' एवढेच कळवले होते. ते पावणेदहाला हजर. आमचा मंडप तेव्हा झाडून होत होता. कार्यक्रम सव्वाअकराला सुरू झाला, मग सात सत्कार, अहवालवाचन, तीन नाच. साडेबाराला त्यांनी घड्याळ पाहिले, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, मला एकची गाडी आहे," आणि निघाले. बक्षिसे द्यायला त्यांना बोलावले होते. ती शेवटी मीच वाटली. चूक त्यांची नव्हती. त्यांना बक्षिसे वाटायची आहेत हे पत्रात कुठेच लिहिलेले नव्हते.

तेव्हापासून पत्र लिहिण्याची पद्धत बदलली. ती इथे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगतो. ३ जानेवारी, सावित्रीबाई फुले यांची जयंती. राज्यातल्या शाळांत ती बालिका दिन म्हणून साजरी होते. २०२६ साली हा दिवस शनिवारी होता. त्याच दिवशी आम्ही आठवी ते दहावीची वार्षिक बक्षिसेही ठेवली आणि शेजारच्या गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकारी मॅडमना बोलवायचे ठरवले. आमच्या निम्म्या मुलींच्या घरी गाई-म्हशी आहेत. जनावरांची डॉक्टर बाई असते, हे त्यांनी जवळून पाहावे, एवढाच हेतू.

आधी फोन, मग पत्र

पत्र हे पहिले पाऊल नव्हे. पहिले पाऊल फोन किंवा प्रत्यक्ष भेट. कोरे पत्र थेट हातात पडले की माणूस अडचणीत येतो. नकार लेखी द्यावा लागतो, म्हणून तो उत्तरच देत नाही आणि आपण आठवडाभर वाट पाहत बसतो. फोनवर मात्र 'त्या दिवशी जमेल का' याचे उत्तर दोन मिनिटांत मिळते. शिवाय पत्रात काय लिहायचे तेही फोनवरच कळते.

आमचे तसेच झाले. शनिवारी आमची सकाळची शाळा. कार्यक्रम साडेनऊला सुरू करून साडेअकराला संपवायचा होता, कारण वाड्यांवरच्या मुलांची एस.टी. बाराला सुटते. ती चुकली तर पुढची थेट तिनाला. मॅडम म्हणाल्या, "सकाळी लोक जनावरं घेऊन दारात उभे असतात. दहाच्या आधी मी निघू शकत नाही. इथून तुमची शाळा पंधरा मिनिटांवर." म्हणजे त्या सव्वादहाला पोहोचणार.

पूर्वी मी म्हटले असते, "या हो मॅडम, थोडं मागंपुढं चालतं." आता तसे म्हणत नाही. त्यांना सव्वादहालाच बोलवायचे आणि कार्यक्रमाची आखणी त्यानुसार बदलायची. प्रतिमापूजन, गीत, मुलींची भाषणे आणि नाटिका त्यांच्या येण्याआधी उरकायची. प्रतिमापूजन संस्थेचे अध्यक्ष करतील. पाहुण्यांसाठी दीपप्रज्वलन अडवून ठेवायचे नाही. पाहुणे येईपर्यंत पोरांना उन्हात 'शांत बसा' म्हणत बसवणे, हा आपल्या शाळांचा जुना रोग आहे.

फोनवर आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. नाव आणि पद नेमके कसे लिहायचे, पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवायचे, आणि येण्याची सोय त्यांची की आपली. नावाआधी सौ., श्रीमती, कुमारी यातले काय लावायचे याचा अंदाज करत बसू नये. डॉक्टर असतील तर 'डॉ.' पुरते. नसतील तर विचारून घ्यावे. पद चुकले की कोणी बोलून दाखवत नाही, पण लक्षात राहते.

पत्र कधी जावे

कार्यक्रमाच्या साधारण चार आठवडे आधी. आमचा फोन ३ डिसेंबरला झाला, पत्र ५ डिसेंबरला गेले. त्याहून उशीर झाला तर पाहुणे येतीलही, पण छपाईचे गणित बिघडते. निमंत्रण पत्रिका म्हणजे पाहुण्यांना पाठवायचे पत्र नव्हे. पत्रिका पालकांसाठी आणि गावासाठी असते, आणि पाहुण्यांचा होकार हातात आल्यावरच ती छापायला द्यायची. होकार यायच्या आधीच नाव छापून ती पत्रिका पाहुण्यांना पाठवली की त्यांना वाटते, आपल्याला विचारलेच नाही, गृहीत धरले.

म्हणून पत्रात उत्तराची तारीख लिहावी. आम्ही १५ डिसेंबर लिहिली आणि कारणही दिले: पत्रिका छापायची आहे. कारण दिले की तारीख हुकमासारखी वाटत नाही.

कार्यक्रमाची वेळ वेगळी, पाहुण्यांची वेळ वेगळी

बहुतेक पत्रे इथेच फसतात. कार्यक्रम दोन तासांचा असतो, पण पाहुण्यांची गरज सव्वा तासाचीच असते. पत्रात दोन्ही आकडे लिहायचे, वेगवेगळे. 'कार्यक्रम सकाळी ९.३० ते ११.३०. आपली उपस्थिती १०.१५ ते ११.३०.' एवढ्याने माणसाला दिवस आखता येतो.

पण हे आकडे खरे हवेत, आणि त्यासाठी कागदावर मिनिटे मांडावी लागतात. आमची मांडणी अशी होती. १०.१५ ला आगमन, ऑफिसात चहा. १०.२५ ला मंचावर, स्वागत आणि परिचय पाच मिनिटे. १०.३० ते १०.४५ पाहुण्यांचे मनोगत. पुढची दहा मिनिटे मुलींचे प्रश्न. १०.५५ ते ११.१५ बक्षिसे. मग अध्यक्षांचे भाषण सात मिनिटे, आभार तीन मिनिटे, राष्ट्रगीत. साडेअकराला पोरे दप्तर उचलायला मोकळी.

यात सगळ्यात फसवा आकडा बक्षिसांचा. आमची ४८ बक्षिसे होती. एकेकाचे नाव पुकारायचे, पोराने मागच्या रांगेतून वाट काढत यायचे, बक्षीस घ्यायचे, फोटोवाल्याकडे पाहायचे आणि उतरायचे. घड्याळ लावून पाहिले तर दरेकाला चाळीस सेकंद लागतात. म्हणजे ४८ बक्षिसांना ३२ मिनिटे, तेही कोणी गैरहजर नसेल आणि ट्रॉफ्या ओळीने लावलेल्या असतील तर. आम्ही पाच-पाचचे गट केले. एक गट मंचावर असताना पुढचा गट पायऱ्यांशी उभा. नावे सलग वाचायची, फोटो गटाचा एकच. दहा गट, दरेकाला दोन मिनिटे, वीस मिनिटांत काम. असे काही न करता पत्रात 'बक्षीस वितरण २० मिनिटे' लिहिले तर ती थाप ठरते.

मनोगत बक्षिसांच्या आधी ठेवावे, हे माझे मत. बक्षिसे झाली की मुले ट्रॉफ्या एकमेकांना दाखवण्यात गुंततात. मग पाहुणे कितीही चांगले बोलले तरी ते पुढच्या दोन रांगांपुरतेच उरते.

समोर कोण बसणार

'मोठ्या संख्येने विद्यार्थी उपस्थित राहणार आहेत' या वाक्यातून बोलणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आकडा द्यावा आणि तो फोडून सांगावा. आमचा असा होता: आठवी ते दहावीचे २८६ विद्यार्थी, त्यांत १३१ मुली. साधारण ४० माता-पालक. शिक्षक आणि कर्मचारी १४. एकूण ३४० च्या आसपास.

ही फोड अशासाठी की वक्ता तयारी तिच्यावरच करतो. पाचवीच्या मुलांसमोर गोष्ट लागते. नववी-दहावीच्या मुलींना कोणती शाखा घ्यायची, किती वर्षे लागतात, हे ऐकायचे असते. आया समोर असतील तर दुधाचा आणि आजारी वासराचा प्रश्न हमखास येतो.

आकड्याला लागून जागाही सांगावी. मंडप की सभागृह, मुले सतरंजीवर की खुर्च्यांवर, माइक आहे का. आणि प्रोजेक्टरबद्दल खरे बोलावे. उघड्या मंडपात दिवसा पडद्यावर काही दिसत नाही. पाहुण्यांनी रात्री बसून तीस चित्रे तयार करून आणायची आणि इथे पडदा पांढराफटक दिसायचा, असे व्हायला नको. आम्ही लिहिले, 'कार्यक्रम मंडपात असल्याने पडद्यावर चित्रे दाखवण्याची सोय नाही. एखादी वस्तू किंवा उपकरण दाखवणार असल्यास टेबल ठेवू.' मॅडमनी येताना स्टेथोस्कोप आणि जनावराच्या कानाला मारायचा पिवळा बिल्ला आणला. तो बिल्ला शेवटच्या रांगेपर्यंत हातोहात फिरला आणि परतही आला.

प्रमुख पाहुणे म्हणजे नेमके काय

आपल्याकडे मंचावर तीन तऱ्हेचे लोक असतात. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि कधीकधी उद्घाटक. अध्यक्ष शेवटी बोलतात आणि आधीच्या सगळ्यांच्या बोलण्याची दखल घेतात. प्रमुख पाहुणे त्यांच्या आधी बोलतात. आपण बोलावतो एका नात्याने आणि पत्रिकेत छापतो दुसऱ्या, असे झाले तर मंचावर गोंधळ होतो आणि मागून रुसवेफुगवेही. म्हणून पत्रातच लिहावे की अध्यक्षस्थानी कोण आहेत आणि आपण कोण म्हणून येत आहात.

मग कामे. आमच्या पत्रात तीन होती: पंधरा मिनिटे मनोगत, दहा मिनिटे मुलींच्या प्रश्नांना उत्तरे, ४८ बक्षिसे. विषय फार बांधून देऊ नये, पण मोकळाही सोडू नये. 'स्त्रीशिक्षणाचे महत्त्व' असा विषय दिला की ऐकणाऱ्यांनी आधीच शंभरदा ऐकलेले भाषण येते. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे मुलींना पाठ आहे, त्याच दिवशी पाच जणी भाषणात सांगणारही आहेत. पाहुण्यांकडून हवे होते ते त्यांनाच सांगता येण्यासारखे. म्हणून आम्ही लिहिले, 'पशुवैद्यकीय शिक्षणाकडे आपण कशा वळलात आणि दवाखान्यातला एक दिवस कसा असतो.'

जे करायचे नाही तेही एका ओळीत सांगावे. प्रतिमापूजन त्यांच्या येण्याआधी होईल, हे पत्रात होते. नाहीतर पाहुणे पोहोचतात, समई पेटलेली दिसते आणि आपल्याला उशीर झाला म्हणून बिचारे खजील होतात.

मानधन द्यायचे नसेल तर त्याबद्दल लिहू नये. द्यायचे असेल तर फोनवर बोलून पत्रात रक्कम लिहावी. प्रवासाचे मात्र नेहमी लिहावे, कारण ते विचारायला माणूस संकोचतो.

पूर्ण पत्र

शाळेच्या छापील लेटरहेडवर, एका पानात. नावे गाळून देतो.

जा. क्र. : ______ / २०२५-२६
दिनांक : ५ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. डॉ. ____________________
पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी-१, ____________

विषय : दि. ३ जानेवारी २०२६ रोजीच्या बालिका दिन व पारितोषिक वितरण कार्यक्रमास प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहण्याबाबत.

संदर्भ : दि. ३ डिसेंबर २०२५ रोजी दूरध्वनीवर झालेले बोलणे.

महोदया,

आमच्या विद्यालयात शनिवार, दि. ३ जानेवारी २०२६ रोजी सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त बालिका दिन आणि इयत्ता आठवी ते दहावीचा पारितोषिक वितरण कार्यक्रम आहे. या कार्यक्रमास आपण प्रमुख पाहुण्या म्हणून यावे, अशी विनंती आहे. आमच्या बऱ्याच विद्यार्थिनींच्या घरी जनावरे आहेत. आपले काम त्यांना आपल्याच तोंडून ऐकायला मिळावे, ही इच्छा आहे.

कार्यक्रम सकाळी ९.३० ते ११.३० या वेळेत विद्यालयाच्या पटांगणातील मंडपात होईल. आपल्या दवाखान्याची वेळ लक्षात घेऊन आपली उपस्थिती १०.१५ ते ११.३० अशी ठरवली आहे. प्रतिमापूजन व विद्यार्थिनींची भाषणे आपण येण्यापूर्वी होतील. विद्यार्थ्यांची एस.टी. १२ वाजता असल्याने कार्यक्रम ११.३० ला नक्की संपेल.

आपल्याकडून पुढील सहभाग अपेक्षित आहे : (१) सुमारे १५ मिनिटे मनोगत, पशुवैद्यकीय शिक्षणाकडे आपण कशा वळलात आणि दवाखान्यातला एक दिवस कसा असतो, याविषयी. (२) विद्यार्थिनींच्या प्रश्नांना उत्तरे, १० मिनिटे. (३) ४८ पारितोषिकांचे वितरण, २० मिनिटे. कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी संस्थेचे अध्यक्ष मा. श्री. ____________ असतील.

आठवी ते दहावीचे २८६ विद्यार्थी (त्यांत १३१ मुली), सुमारे ४० माता-पालक आणि १४ शिक्षक-कर्मचारी असे साधारण ३४० श्रोते असतील. माइकची सोय आहे. मंडपात पडद्यावर चित्रे दाखवण्याची सोय नाही. एखादी वस्तू किंवा उपकरण दाखवणार असल्यास टेबल ठेवू.

आपणांस आणण्यासाठी व परत सोडण्यासाठी विद्यालयाचे वाहन सकाळी १० वाजता दवाखान्यात येईल. निमंत्रण पत्रिका छापावयाची असल्याने आपला होकार १५ डिसेंबरपर्यंत कळवावा. समन्वयक शिक्षक : श्री. ____________, भ्रमणध्वनी ____________.

कळावे,

आपली विश्वासू,
(सही व शिक्का)
मुख्याध्यापिका

संदर्भाची ओळ गाळू नये. सरकारी कार्यालयात पत्र टपालात येते, ते आधी दुसऱ्याच कोणाच्या हातात पडते. फोन झालेला आहे हे दिसले की ते बाजूला पडत नाही. पाहुण्यांना वरिष्ठांना कळवायचे असेल तर हेच पत्र पुढे करता येते, म्हणून विषयाच्या ओळीतही पूर्ण तारीख हवी. आणि 'शोभा वाढवावी'ची आठवण येत असेल तर खुशाल घाला एकदा, पण वेळ, श्रोते आणि काम लिहून झाल्यावर.

पत्र गेल्यानंतर

पत्राच्या दोन प्रती काढायच्या. जावक नोंदवहीत नोंद करून एक शिपाई मामांच्या हाती, दुसरी स्थळप्रत. स्थळप्रतीवर दवाखान्याची पोच घेऊन यायला सांगायचे. त्याच पत्राचा फोटो पाहुण्यांच्या व्हॉट्सअॅपवरही टाकायचा, कारण तारीख बघायला कोणी फाइल उघडत नाही, फोन उघडतात.

होकार आला की परिचयासाठी चार ओळी मागवाव्यात. शिक्षण, गाव, सध्याचे काम. इंटरनेटवरून शोधून परिचय करून देण्याच्या भानगडीत पडू नये. एका सहकाऱ्याने एकदा तसे केले आणि त्याच नावाच्या भलत्याच माणसाची पुस्तके पाहुण्यांच्या नावावर जमा केली.

वेळेत बदल झाला तर तो लगेच आणि लेखी कळवायचा. आमची नाटिका आयत्या वेळी दहा मिनिटांनी वाढली. आम्ही पाहुण्यांची वेळ न हलवता तीन भाषणे आधल्या दिवशीच्या परिपाठात घेतली. पत्रात एकदा १०.१५ लिहिले की ती वेळ आपली राहत नाही.

आठवडाभर आधी एक फोन आणि आदल्या संध्याकाळी दोन ओळींचा निरोप: 'उद्या १० वाजता गाडी दवाखान्यात येईल, चालकाचा नंबर हा.' डॉक्टर, पोलीस, महावितरणचे अधिकारी यांना बोलावताना हेही मनाशी ठरवून ठेवावे की ऐनवेळी ते अडकले तर बक्षिसे कोणाच्या हातून द्यायची. हे पत्रात लिहायचे नाही, पण मुख्याध्यापक आणि अध्यक्षांना माहीत हवे. आमच्या मॅडमनी फोनवर आधीच सांगितले होते की एखादी म्हैस अडली तर त्यांना जावे लागेल. आम्ही गावातल्या निवृत्त शिक्षिकांना माता-पालकांच्या पहिल्या रांगेत बसायला सांगून ठेवले होते. त्यांना उठायची वेळ आली नाही. मॅडम १०.१८ ला उतरल्या, राष्ट्रगीत ११.३४ ला झाले.

आभाराचे पत्र त्याच आठवड्यात पाठवावे, तेही छापील नमुन्यातले नको. मुलींनी विचारलेला एखादा प्रश्न त्यात लिहावा. आम्ही लिहिला तो नववीतल्या एका मुलीचा: "बैलाला इंजेक्शन देताना तुम्हाला भीती वाटते का?"